कच्च्या कागदावर तीनच आकडे

बँकेच्या प्रिलिम्समध्ये गणिताचे 35 प्रश्न आणि वेळ 20 मिनिटं. सरासरी काढली तर एका प्रश्नाला साधारण 34 सेकंद मिळतात, पण ही सरासरी फसवी आहे. तक्त्यावरच्या पाच प्रश्नांचा संच नुसता वाचायलाच पाऊण मिनिट जातं, आणि नळ-टाकी किंवा नाव-प्रवाहाच्या गणिताला मांडणी लागते. तिथे जाणारा जादा वेळ कुठून तरी वाचवावा लागतो, आणि तशी जागा एकच आहे: सरळरूप द्या, वर्गमूळ काढा, अंदाजे किंमत सांगा या जातीचे प्रश्न. ते 15 ते 20 सेकंदांत हातावेगळे झाले तरच बाकीचं गणित जमतं.

तिथवर पोचायला रोज अर्धा तास याप्रमाणे आठ आठवडे लागले. पहिले दोन आठवडे वर्ग, पुढचे तीन अपूर्णांक आणि शेवटचे तीन अंदाज, असा क्रम होता. अंदाज शेवटी ठेवण्याला कारण आहे. आकडा कुठे वळवायचा हे कळण्यासाठी वळवण्याजोगे आकडे आधी डोक्यात असावे लागतात. 2210 दिसल्यावर 2209 म्हणजे 47 चा वर्ग हे आठवलंच नाही, तर अंदाज करायला हाताशी काहीच नसतं.

वर्गांपासून सुरुवात करताना पहिली चूक बहुतेकांची एकच असते. 1 ते 100 चे वर्ग पाठ करायला घेतात आणि 40 च्या आसपास कंटाळून सोडून देतात. खरं तर पाठ लागतात फक्त 1 ते 25. बाकीचे यांच्यावरच उभे राहतात. 26 ते 75 साठी पाया 50 धरायचा आणि 76 ते 100 साठी पाया 100.

63 चा वर्ग घ्या. 63 हा 50 पेक्षा 13 ने जास्त. 50 चा वर्ग म्हणजे 25 शेकडे. त्यात 13 मिळवले की 38 शेकडे. आता 13 चा वर्ग 169 त्यात घातला की 3800 + 169 = 3969. तेच 47 साठी करायचं तर 47 हा 50 पेक्षा 3 ने कमी, म्हणून 25 मधून 3 वजा, 22 शेकडे, आणि 3 चा वर्ग 9. उत्तर 2209. फरक एकदाच मिळवायचा किंवा वजा करायचा, कारण 50 ची दुप्पट बरोबर 100 होते आणि प्रत्येक फरकाचा एक शेकडा बनतो.

पाया 100 असेल तर मात्र फरक दोनदा वजा करावा लागतो. 88 हा 100 पेक्षा 12 ने कमी. 100 मधून 24 गेले, राहिले 76 शेकडे. 12 चा वर्ग 144. बेरीज 7744. इथे गडबड हमखास होते. 50 च्या पायाची सवय लागलेली असते, हात आपोआप 12 एकदाच वजा करतो, आणि 88 शेकडे अधिक 144, म्हणजे 8944 असं उत्तर येतं. ते चुकलंय हे ओळखायला एक नजर पुरते: 90 चा वर्ग 8100, मग 88 चा त्याहून मोठा कसा? प्रत्येक वर्गानंतर जवळच्या दहाच्या पटीकडे असं एकदा बघून घ्यायची सवय पहिल्याच आठवड्यात लावावी, कारण नंतर वेग वाढल्यावर ती लागत नाही.

दुसरी चूक हातच्याची. काही जण दोन भाग शेजारीशेजारी लिहून टाकतात. 63 साठी 38 आणि 169 लिहिलं की कागदावर 38169 दिसतं, आणि 47 साठी 22 आणि 9 लिहिलं की 229. वर्गाचा दुसरा भाग नेहमी दोनच घरांत बसतो. एकच अंक असेल तर आधी शून्य, तीन अंक असतील तर पहिला अंक डावीकडे हातचा. आमचं मत असं, की शेजारी लिहायची पद्धत सोडूनच द्यावी आणि मनात ‘अडतीसशे’ असं म्हणून त्यात 169 मिळवावेत. ‘अडतीसशे’ म्हटलं की घरांचा प्रश्नच उरत नाही.

पाठांतर तपासायला 25 चिठ्ठ्या केल्या होत्या. एका बाजूला संख्या, दुसऱ्या बाजूला वर्ग, आणि पत्त्यांसारख्या पिसून एकेक उचलायची. ओळीने म्हणून उपयोग नाही. ओळीने म्हणणाऱ्याला 17 चा वर्ग विचारला तर तो मनात 15 चा, 16 चा म्हणत तिथे पोचतो आणि तीन-चार सेकंद तिथेच जातात. दोन सेकंदांत न आलेली चिठ्ठी बाजूला काढायची, उत्तर बरोबर आलं तरीसुद्धा. दुसऱ्या दिवशी आधी तो गठ्ठा. त्यात बहुतेक तीच मंडळी सापडतात: 169 आणि 196 (अंक तेच, जागा वेगळ्या, एक 13 चा, दुसरा 14 चा), 289, 324 आणि 529. सगळ्या चिठ्ठ्या 45 सेकंदांत संपल्या की उलटी बाजू सुरू. 529 दाखवायचं आणि 23 म्हणायचं. वर्गमुळाला हीच बाजू कामी येते, आणि ती सरळ बाजूपेक्षा मंद असते हे पहिल्याच दिवशी लक्षात येतं.

25 च्या पुढचे पाच वर्ग फुकटात मिळतात, हे थोडं उशिराच कळलं. 24 चा वर्ग 576 आणि 26 चा 676. 23 चा 529, 27 चा 729. 22 चा 484, 28 चा 784. शेवटचे दोन अंक तेच राहतात, आणि फरक 100, 200, 300 असा वाढत जातो.

मराठीत हिशेब करणाऱ्याची एक खास अडचण इथेच सांगायला हवी. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो आणि साठ नंतर. मनात ऐकलेला आकडा घाईत कागदावर उतरवताना 63 चा 36 होतो, विशेषतः बेरीज तोंडी चाललेली असताना. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनावर मोठा वाद झाला होता. शाळेत काय शिकवावं तो भाग वेगळा, पण मधल्या पायरीचा आकडा मनात ‘साठ-तीन’ असा धरला तर उलटापालट खरोखरच कमी होते. याची दुसरी बाजूही आहे. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद ही नावं वजाबाकी सोबत घेऊनच येतात. एकोणसाठ गुणिले 7 म्हटलं की 420 मधून 7 गेले हे शब्दच सांगतो. 413.

वर्ग पक्के झाले की त्यातून गुणाकार निघतात. 68 × 72 या जोडीच्या बरोबर मध्ये 70 आहे, दोन्ही बाजूंना अंतर 2. म्हणून 4900 मधून 4 गेले, 4896. 47 × 53 म्हणजे 2500 मधून 9 गेले, 2491. पण ही युक्ती हावरटपणे वापरू नये. 37 × 42 मध्ये मधली संख्या साडेएकोणचाळीस येते. तिथे 37 × 43 करून एक 37 काढून टाकणं सोपं: 1600 उणे 9 म्हणजे 1591, त्यातून 37 गेले, 1554. आणि 37 × 84 सारख्या लांबच्या जोडीला वर्गाच्या वाटेला जाऊच नये. 37 × 80 आणि 37 × 4 अशी सरळ डावीकडून फोड करावी, 2960 अधिक 148.

वर्गमुळाचं गणित याच्या उलट. 3500 चं वर्गमूळ हवंय, तर जवळचा वर्ग 59 चा, 3481. उरले 19. त्यांना 59 च्या दुपटीने, म्हणजे 118 ने भागायचं. साधारण 0.16. म्हणून 59.16. अंदाजाच्या प्रश्नाला एवढं लागतही नाही, 59 पुरतं. तरी ही पायरी हातात असावी, कारण कधी कधी पर्याय फार जवळ असतात.

तिसऱ्या आठवड्यात अपूर्णांक सुरू झाले, आणि इथे मराठी माणसाला एक जुनं घबाड सापडतं. आधीच्या पिढ्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ म्हणत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे ते पाढे. आज कुणी 30 पर्यंत पाऊणकी पाठ करावी असं आमचं म्हणणं नाही. पण 75 टक्के दिसल्यावर ‘पाऊण’ असं वाचता आलं तर 68 चे 75 टक्के म्हणजे 68 मधून 17 गेले, 51, हे लगेच होतं. 125 टक्के म्हणजे सव्वापट, 48 ची सव्वापट 60. 350 × 18 दिसलं की औटकीतले अठरा औट त्रेसष्ट, आणि पुढे दोन शून्यं. घरी कुणा आजोबांना औटकी येत असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसावं.

पाव-अर्ध्याच्या पलीकडचे अपूर्णांक मात्र शेकडेवारीत पाठ करावे लागतात. आम्ही एकछेद दोनपासून एकछेद बारापर्यंत केले, आणि वर 15 व 16. हेसुद्धा ओळीने करण्यापेक्षा जोड्यांनी लवकर बसतात. 1/9 म्हणजे 11.11 टक्के, तर 1/11 म्हणजे 9.09 टक्के. 1/8 म्हणजे 12.5, आणि 1/12 म्हणजे 8.33. 1/6 म्हणजे 16.67, आणि 1/16 म्हणजे 6.25. ही शेवटची जोडी मदतही करते आणि घोटाळाही करते. घाईत 16.67 आणि 6.25 यांची अदलाबदल होते. छेद मोठा तर टक्के कमी, एवढं मनात आलं की ती सुटते. 1/11 च्या बाबतीत 9.09 ऐवजी 9.9 लिहिण्याची चूक वहीत इतक्या वेळा सापडली की शेवटी 2/11 म्हणजे 18.18 असंच पाठ केलं आणि 1/11 त्याचं निम्मं धरलं.

सप्तमांश तर पाठ करायला मजा येते. 142857 हेच अंक फिरत राहतात: 14.29, 28.57, 42.86, 57.14, 71.43, 85.71. सहाही टक्के एकदा तोंडात बसले की तक्त्यावरचे प्रश्न निम्मे हलके होतात, कारण तिथे वाढीचे टक्के काढताना छेद म्हणून कुठली तरी विचित्र संख्या येते आणि तिला सातव्या-आठव्या भागावर टेकवता येतं.

हे टेकवणं म्हणजे काय ते एका तक्त्यावर पाहू. एका शाखेतली खाती चार वर्षांत 2347, 2689, 3107 आणि 3496 अशी वाढली. प्रश्न: सर्वांत जास्त टक्के वाढ कोणत्या वर्षी? आधी तीन वजाबाक्या: 342, 418, 389. आता पहिली वाढ 342 भागिले 2347. भागाकार मांडायचा नाही. 2347 चा सातवा भाग साधारण 335. म्हणजे 14.29 टक्के झाले आणि वर 7 उरले. 2347 चा एक टक्का साडेतेवीस, तर 7 म्हणजे 0.3 टक्के. उत्तर 14.6 च्या जवळ. दुसरी वाढ, 2689 चा सातवा भाग 384, वर 34 उरले. एक टक्का सत्तावीसला थोडा कमी, म्हणून 34 म्हणजे सव्वा टक्का. साडेपंधरा. तिसरी, 3107 चा आठवा भाग 388, वर एकच उरला, म्हणजे साडेबारा. दुसऱ्या वाढीला उत्तर मिळालं. लक्ष द्या, तिसऱ्या वाढीचा आकडा 389 हा पहिल्या 342 पेक्षा मोठा, पण टक्के कमी. ‘वाढ’ आणि ‘टक्के वाढ’ यांतला फरक परीक्षक नेमका याच ठिकाणी लपवतो.

सराव असा होता: रोज दहा विचित्र भागाकार घ्यायचे, प्रत्येकाला आधी जवळचा अपूर्णांक तोंडी सांगायचा, मग उरलेला तुकडा एका टक्क्याने मोजायचा, आणि शेवटी कॅल्क्युलेटरवर तपासायचं. अर्ध्या टक्क्याच्या आत आलं तर बरोबर. कॅल्क्युलेटर तपासणीपुरताच, आणि तोही दहा संपल्यावर. एकेक तपासत गेलं की मन अंदाज करायचं सोडून वाट बघायला लागतं.

अपूर्णांकांचा रोगही असतो. पाठ झाल्यावर दोन-तीन आठवडे माणूस प्रत्येक टक्क्यात अपूर्णांक शोधतो. 648 चे 37.4 टक्के म्हणजे तीन अष्टमांश, 243, हे उत्तम. पण 650 चे 42 टक्के काढायला 3/7 कडे जाणं म्हणजे वाट वाकडी करणं. तिथे 10 टक्के 65, त्याचे चार 260, वर 2 टक्क्यांचे 13, झाले 273. दोन सेकंदांत अपूर्णांक समोर आला नाही तर दहा टक्क्यांच्या फोडीवर जायचं, हा नियम आम्ही पाळला.

आता अंदाज. यातलं खरं कौशल्य आकडा वळवण्यात नाही, किती वळवायचा हे ठरवण्यात आहे, आणि ते प्रश्न सांगत नाही, पर्याय सांगतात. म्हणून अंदाजाच्या प्रश्नात आधी पर्याय वाचायचे. 345, 365, 391, 420, 450 असे पर्याय असतील तर सर्वांत छोटं अंतर 20. निम्मं 10. उत्तर साधारण 390 धरलं तर 10 म्हणजे अडीच टक्के. एवढी चूक चालेल. म्हणजे दशांश उडवायला हरकत नाही, पण 63 चे 60 करणं महागात पडेल, कारण तिथेच जवळजवळ पाच टक्के जातात. पर्याय 14.2, 14.6, 15.1 असे असतील तर अंतर 0.4, चूक दीड टक्क्याच्या आत ठेवावी लागेल. हे सगळं वाचायला लांब वाटतं, प्रत्यक्षात पर्यायांवर नजर फिरवायला तीन सेकंद लागतात. ज्यांनी ही तीन सेकंद वाचवली, त्यांचे दोन जवळच्या पर्यायांतच घोटाळे झाले.

गुणाकारात आकडे कुठल्या दिशेने वळवता याला महत्त्व आहे. 48.7 × 21.6 घ्या. दोन्ही वर नेले, 50 × 22, उत्तर 1100. खरं उत्तर 1052. साडेचार टक्क्यांची चूक, कारण दोन्हीकडच्या चुका एकमेकींत मिळाल्या. एक वर नेला तर दुसरा खाली आणायचा, आणि तोही तेवढ्याच टक्क्यांनी. 48.7 चे 50 केले तेव्हा पावणेतीन टक्के वाढले. मग 21.6 चे 21 करा, तिथे जवळजवळ तेवढेच कमी झाले. 50 × 21 = 1050. भागाकारात बरोबर उलटं: वरचा आणि खालचा आकडा एकाच दिशेने न्यायचे. 1847 ÷ 63 मध्ये नुसता 63 चा 60 केला तर 30.8 येतात, खरं उत्तर 29.3. पण 60 करताना खाली पाच टक्के कमी झाले हे धरून वरचेही पाच टक्के, म्हणजे 90 च्या आसपास काढले, तर 1757 ÷ 60 म्हणजे पुन्हा 29.3.

टक्क्यांनी वळवायचं, आकड्याने नाही, हे पचायला वेळ लागतो. 48.7 मध्ये 1.3 मिळवले म्हणून 21.6 मधूनही 1.3 काढले असं केलं तर 50 × 20.3 होतं, म्हणजे 1015. चूक पुन्हा साडेतीन टक्क्यांवर.

सगळ्यांत मोठा खड्डा वजाबाकीचा आहे, आणि तो दिसत नाही म्हणून धोकादायक. 63.4 × 78.9 − 4867 असा प्रश्न आला. 63 × 80 = 5040 केलं. गुणाकारातली चूक पाऊण टक्काच, म्हणजे उत्तम अंदाज. आता 4867 वजा केले, उरले 173. खरं उत्तर 135. पाऊण टक्क्याची चूक अचानक 28 टक्क्यांची झाली, कारण चूक तीच 38 राहिली पण जिच्याशी तुलना करायची ती रक्कम 5000 वरून 135 वर आली. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी दिसली की अंदाज बंद. तिथे नीट गुणाकार करायचा: 63.4 × 80 म्हणजे 5072, त्यातून एक 63.4 गेले, 5008.6, आणि 79 ऐवजी 78.9 म्हणून आणखी 6.3 गेले, 5002. वजा 4867, 135. दहा सेकंद जास्त गेले, पण बरोबर गेले. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि वेळ गेलेला असतोच, तेव्हा हे दहा सेकंद स्वस्त आहेत.

अपूर्णांकांची तुलना करायला मात्र कधी कधी अंदाजसुद्धा लागत नाही. 17/23 मोठा की 23/31? अंश 6 ने वाढला, छेद 8 ने. वाढीचा अपूर्णांक 6/8, म्हणजे 0.75. आणि 17/23 हा त्याहून कमी आहे, कारण 23 चे पाऊण सव्वासतरा होतात. जास्त किमतीची भर पडली म्हणून दुसरा मोठा. ही युक्ती दोन्ही अपूर्णांकांत अंश आणि छेद दोन्ही वाढत असतील तेव्हाच लावायची. अंश वाढला आणि छेद घटला तर उत्तर तसंही समोरच असतं.

एसएससीच्या प्रश्नांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे पर्याय बहुतेक नेमके असतात आणि जवळचेही, त्यामुळे वर्ग आणि अपूर्णांक उपयोगी, अंदाज फक्त दोन-तीन पर्याय उडवण्यापुरता. शेवटचा अंक तपासून पर्याय उडवणं तिथे जास्त चालतं, कारण गणना नेमकी असते. तीच शेवटच्या अंकाची युक्ती बँकेच्या अंदाजे किमतीच्या प्रश्नात लावली तर फसगत ठरलेली. वळवलेल्या आकड्यांचा शेवटचा अंक आपणच बनवलेला असतो. राज्यसेवेच्या सीसॅटमध्ये पेपर दोन तासांचा आणि प्रश्न 80, बरेचसे उताऱ्यांचे. तिथे हा सराव तक्त्यांपुरता पुरे.

शेवटच्या तीन आठवड्यांत चुकांची वही ठेवली, आणि तीत तीनच रकाने होते: आठवण चुकली, वळवणं चुकलं, वाचणं चुकलं. पहिला रकाना लवकर रिकामा झाला. दुसऱ्यात वर सांगितलेली वजाबाकी आणि गुणाकारात दोन्ही आकडे वर नेणं, एवढंच वारंवार दिसलं. तिसरा शेवटपर्यंत भरत राहिला. स्क्रीनवर 1263.4 आणि कागदावर 1236.4. ‘चे टक्के’ ऐवजी ‘भागिले’. कंसाबाहेरचा वजा आत विसरलेला.

तिसऱ्या रकान्यावर उपाय सापडला तो असा, की प्रश्न कागदावर उतरवायचाच नाही. उतरवायला सात-आठ सेकंद जातात आणि चुका तिथेच जन्मतात. डोळे स्क्रीनवर ठेवायचे, प्रत्येक तुकडा जागच्या जागी वळवायचा आणि कागदावर फक्त त्याचं उत्तर लिहायचं. उदाहरण घ्या:

649.8 चे 41.97% + √2210 × 3.98 − 1263.4 ÷ 17.97 = ?

पर्याय वर सांगितलेलेच: 345, 365, 391, 420, 450. अडीच टक्क्यांपर्यंत सूट आहे आणि वजाबाकीत जवळजवळ सारख्या संख्या नाहीत, म्हणून वळवायला मोकळीक. 650 चे 42 टक्के, कागदावर 273. वर्गमूळ 47, त्याचे चार, कागदावर 188. 1263 च्या जवळचा अठराचा पट 1260, भागाकार 70, तोही कागदावर. मग 273 आणि 188 यांची बेरीज 461, त्यातून 70 गेले, 391. तिसरा पर्याय.

नंतर कॅल्क्युलेटरवर तपासलं तर नेमकं उत्तर 389.5 च्या आसपास आलं. म्हणजे चूक दीडची, आणि सूट होती दहाची. घड्याळात सतरा सेकंद. आधीच्या महिन्यातल्या त्याच जातीच्या प्रश्नांची पानं उघडून पाहिली, तर प्रत्येक प्रश्नाला अर्धं पान भागाकारांनी भरलेलं होतं. या प्रश्नाच्या कागदावर होतं एवढंच: 273, 188, 70.